भिवंडी येथील भातपरिषद : कोणाचे व्याख्यान कशासाठी ऐकावे

अक्षय्य तृतीयेनंतरच्या पहिल्या रविवारी भिवंडी येथे आमच्या मंडळाची एक दिवसाची भातपरिषद भरावयाची आहे. सभेस पाच वक्ते येणार असून त्यांची नावे, हुद्दे व पदव्या या अंकासोबत जोडलेल्या निमंत्रणपत्रिकेत छापल्या आहेत. त्यांची पुनरुक्ती येथे करीत नाही. या लेखाचा हेतू निराळा आहे. पेरणी तोंडावर आली असता एक संपूर्ण दिवस घराबाहेर काढणे हे शेतकऱ्यास स्वस्त पडत नाही. तेव्हा कोणते व्याख्यान आपल्या उपयोगाचे व कोणते नाही, हे त्यास घरी बसूनच ठरविता यावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

परिषदांच्या पत्रिका साधारणपणे कशा असतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. वक्त्याचे नाव, त्यापुढे तीन ओळींचे हुद्दे, आणि शेवटी ‘भातपीक : समस्या व उपाय’ असा विषय. अशा पत्रिकेवरून वक्ता किती मोठा हे कळते. पण आपली कोणती अडचण तो सोडविणार हे कळत नाही. मग लोक उद्घाटनास येतात, भोजनोत्तर पांगतात, आणि ज्या व्याख्यानासाठी यावयाचे तेच रिकाम्या खुर्च्यांपुढे होते.

हे टळावे म्हणून यंदा प्रत्येक वक्त्यास आम्ही एकच प्रश्न लिहून पाठविला : आपले भाषण ऐकून गेलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी कोणती गोष्ट आजच्याहून निराळी करील? उत्तर एका वाक्यात मागितले. आलेले प्रत्येक वाक्य आम्ही एका कसोटीस लावले. ते वाक्य त्या वक्त्याच्या नावाखालून काढून दुसऱ्याच्या नावाखाली ठेवून पाहिले. तेथेही ते शोभले, तर ते निरुपयोगी समजून परत पाठविले. एका वक्त्यांचे पहिले उत्तर होते, ‘खारजमिनीविषयी शेतकऱ्यांत जागृती व्हावी.’ यातील ‘खारजमिनी’च्या जागी ‘बियाणे’ किंवा ‘कायदा’ घातला तरी वाक्य तसेच उभे राहते. म्हणून ते परत गेले. दुसऱ्या खेपेस जे आले, ते पुढे दुसऱ्या व्याख्यानाखाली दिले आहे. दोहोंतील अंतर वाचकांनीच पाहावे.

व्याख्यानांचा क्रम वक्त्यांच्या मानाप्रमाणे लावलेला नाही; शेतीची कामे ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने लावला आहे.

पहिले व्याख्यान : बियाणे

वक्ते बीजपरीक्षणाच्या कामातून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. ऐकण्याचे कारण : घरच्या कणगीतील भात पेरावे की कांडून खावे, हे पेरणीच्या आधी दहा दिवस स्वतःच ठरविता यावे.

त्यांची रीत दोन पायऱ्यांची आहे. पहिली मिठाच्या पाण्याची. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओतावयाचे व ढवळून स्थिर होऊ द्यावयाचे. पोचट व अर्धवट भरलेला दाणा वर तरंगतो, तो काढून टाकावयाचा. तळाशी बसलेला दाणा साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावयाचा. धुण्यात आळस केल्यास मीठ टरफलास चिकटून राहते व उगवणीस बाधते.

पण जड दाणा म्हणजे जिवंत दाणा नव्हे. दमट कोठीत राहिलेला अथवा मळणीनंतर नीट न वाळलेला दाणा भरदार दिसूनही मेलेला असू शकतो, आणि मिठाचे पाणी त्यास ओळखीत नाही. म्हणून दुसरी पायरी उगवणीची. तळाशी बसलेल्यांपैकी न निवडता शंभर दाणे मोजून घ्यावे, ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर रांगेने मांडून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून रोज ओलवावी आणि सुमारे आठवड्याने उघडून मोजावी. मूळ व कोंब दोन्ही धडधाकट असतील तेवढेच दाणे उगवलेले धरावयाचे; नुसते फुगलेले अगर बुरसटलेले धरावयाचे नाहीत. ऐंशी किंवा अधिक उगवले तर बियाणे प्रमाणास उतरले. साठ-सत्तर उगवले तर बी त्या मानाने वाढवून काम निभते. त्याहूनही कमी उगवल्यास ते बी सोडून दुसरे आणण्यास हाती अद्याप दिवस असतात, आणि परीक्षा दहा दिवस आधी करण्याचे मर्म हेच आहे. राबात बी टाकल्यावर कळलेली गोष्ट काही कामाची नसते.

दुसरे व्याख्यान : खारजमीन

वक्ते खाडीकाठच्या जमिनींवर काम केलेले मृदाशास्त्रज्ञ आहेत. त्यांचे दुसऱ्या खेपेस आलेले वाक्य असे : आपल्या शेतातील खाराने यंदा किती भात बुडणार, हे लावणीपूर्वीच कागदावर मांडून पाहता यावे.

काल्हेर-कशेळीपासून खाडीच्या कडेने ज्यांची शेते आहेत, त्यांच्यासाठी हे व्याख्यान मुख्य होय. म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो. मातीतील खार विजेच्या वहनावरून मोजतात. पाण्याने पूर्ण भिजविलेल्या मातीचा अर्क काढून त्यात हा अंक घेतला, तर साधारण भाताच्या जाती सुमारे तीन अंकापर्यंत खार सोसतात. त्यापुढे प्रत्येक अंकास उत्पन्न सुमारे बारा टक्क्यांनी उतरते, असा जगभर वापरला जाणारा आडाखा आहे. समजा, चांगल्या वर्षी एकरी पंधरा क्विंटल देणाऱ्या शेताचा अंक सात आला. तीन वजा जाता चार उरले. चार गुणिले बारा म्हणजे अठ्ठेचाळीस टक्के. पंधरा क्विंटलांतून सुमारे सव्वासात क्विंटल गेले व पावणेआठ उरले. आता नांगरणी, लावणी, खत व कापणी यांचा खर्च या पावणेआठ क्विंटलांतून निघतो की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे. न निघाल्यास त्या तुकड्यात पनवेल येथे खारजमिनीसाठीच निपजविलेल्या पनवेल–१, २ किंवा ३ यांपैकी एखादी जात घ्यावी, की यंदा ते शेत केवळ धुण्यासाठी ठेवावे, हा निर्णय आषाढाआधी घेता येतो.

या हिशेबात दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, नमुना घेण्याच्या वेळेची. उन्हाळ्यात खालचे खारे पाणी मातीच्या सूक्ष्म नळ्यांतून वर चढते, वाफ होऊन जाते व मीठ पृष्ठावर सोडते. वैशाखात वरची पांढरी साय खरवडून दिलेल्या नमुन्याचा अंक भयंकर येतो. तीच माती दोन पावसांत धुतल्यावर निम्म्यावरही येऊ शकते. म्हणून नमुना मुळांच्या थरातून, म्हणजे वीतभर खोलीपर्यंतचा, आणि पहिले जोराचे पाऊस पडून गेल्यावर घ्यावयाचा. दुसरी फसगत पत्रकाची. अनेक प्रयोगशाळा मातीत दुप्पट-अडीचपट पाणी मिसळून अंक काढतात. तो अंक अर्काच्या अंकापेक्षा सदैव लहान असतो, कारण मीठ तेच आणि पाणी जास्त. त्यास वरील आडाखा लावला तर बुडते शेत तरलेले दिसेल. तेव्हा अंक कोणत्या रीतीने काढला हे प्रयोगशाळेस विचारल्यावाचून पत्रकावर विसंबू नये.

उपायांपैकी वक्ते तिहींवर भर देणार आहेत. कापणी होताच जमीन ओलसर असतानाच नांगरावी, म्हणजे वरचा थर मोकळा होऊन खार वर चढण्याची वाट तुटते. पावसाचे गोडे पाणी शेतात कोंडून ठेवावे व ओहोटीच्या वेळी उघाडीतून सोडावे. पाणी नुसते वरून वाहून गेले तर मीठ धुतले जात नाही, ते मातीतून झिरपून गेले पाहिजे. आणि तिसरे, बांध पाहावा तो उधाणाच्या दिवशी. खेकड्यांची बिळे कोरड्या दिवशी निरुपद्रवी दिसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीस बांधाच्या आतल्या पायथ्याशी ओल दिसली व ती जिभेस खारट लागली, तर बीळ आरपार झाले आहे असे समजावे. उघाडीच्या झडपेत अडकलेले एक लाकूडही भरतीचे पाणी आत घेण्यास पुरते. भातास खार सर्वांत अधिक बाधतो तो रोप कोवळे असताना व फुलोऱ्याच्या वेळी. म्हणून लावणीच्या सुमारास आत आलेली एक भरती नंतरच्या दोन भरत्यांपेक्षा महाग पडते.

तिसरे व्याख्यान : लावणी व खत

वक्ते कृषिविद्यालयातील शिक्षक आहेत. ऐकण्याचे कारण : फेकलेला युरिया शेजारच्या शेतात वाहून जाऊ न देता रोपांच्या मुळाशीच कसा पुरावा, हे दोरी व गोळ्या हाती घेऊन पाहता यावे.

डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत आमच्या अनेक वाचकांनी ऐकली आहे, पण तिच्यातील चार सूत्रांचा परस्परसंबंध थोड्यांच्या ध्यानात असतो. पहिले सूत्र भाताचा पेंढा व तुसाची राख शेतास परत देण्याचे. त्यातून सिलिका व पालाश मिळून काडी ताठ राहते. दुसरे गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी गाडण्याचे. तिसरे नियंत्रित लावणीचे : रोपांतील अंतर आळीपाळीने १५ व २५ सेंटिमीटर, दोन्ही दिशांनी. यामुळे चार-चार चुडांचे चौकोन आपोआप तयार होतात, व चौथे सूत्र तिसऱ्यावर उभे राहते : लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी युरिया व डीएपी यांची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचावयाची.

हिशेब सरळ आहे. एका गुंठ्यात सुमारे सव्वासहाशे चौकोन, म्हणून तेवढ्याच गोळ्या, गोळी २.७ ग्रॅम वजनाची धरली तर गुंठ्यास सुमारे पावणेदोन किलो व एकरास सदुसष्ट-अडुसष्ट किलो खत लागते. वर फेकलेला युरिया पाण्यात विरघळून बांधावरून वाहतो किंवा हवेत उडतो. चिखलात खोल पुरलेला मात्र तेथे वायूचा शिरकाव नसल्याने अमोनियाच्या रूपात मातीच्या कणांस धरून राहतो व मुळे त्यास हळूहळू उचलतात.

पद्धतीच्या मर्यादाही वक्ते सांगणार आहेत. रेताड व पाणी झिरपून जाणाऱ्या जमिनीत पुरलेले खतही खाली निसटते. गोळी पुरल्यावर शेतात वारंवार फिरल्यास ती उघडी पडते. आणि दोरी न धरता अंदाजाने लावणी केली तर चौकोनच उरत नाहीत, मग गोळी कोठे खोचावी हे मजुरास कळत नाही व काम निम्म्यावर सोडले जाते. अपयशाच्या बहुतेक गोष्टी येथेच सुरू होतात. भोजनापूर्वी वक्ते सभागृहामागील चिखलाच्या वाफ्यात दोरीने लावणी करून दाखवितील. ज्यांस व्याख्यान नको त्यांनी एवढे अवश्य पाहावे.

चौथे व्याख्यान : चिखलणीवाचून भात

वक्ते पडघ्याकडील कसते शेतकरी आहेत. ऐकण्याचे कारण : लावणीस माणूस मिळत नाही म्हणून शेत पडीक टाकण्यापूर्वी, न लावलेले भात कोणत्या शेतात पिकते व कोणत्यात नाही, हे विचारून घ्यावे.

नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रचारात आणलेल्या सगुणा भात तंत्रात राब नाही, रोपवाटिका नाही, चिखलणी नाही व लावणीही नाही. एकदा गादीवाफे करावयाचे, त्यांवर लोखंडी साच्याने छिद्रे पाडून बी टोकावयाचे, आणि पीक कापल्यावर मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची. पुढील हंगामी नांगर लावावयाचा नाही. वाफा तोच राहतो. अंबाडी-वज्रेश्वरीच्या बाजूस ज्यांची मुले कारखान्यात व गोदामांत कामास लागली आहेत, त्यांच्या घरी लावणीस चार हात जमणे कठीण झाले आहे. त्यांना हा मार्ग आकर्षक वाटणे साहजिक आहे.

परंतु चिखलणी केवळ रोप लावण्यास मऊ जमीन करीत नाही; ती तण बुडविते. उभे पाणी हेच भाताचे जुने तणनाशक होय. ते गेले की तण आणि भात एकाच दिवशी उगवतात, व पहिल्या महिन्यात जो तणास आवरील त्याचेच पीक उभे राहते. पेरणीनंतर लगेच तणनाशक न फवारता आल्यास, अथवा फवारल्याबरोबर मोठा पाऊस येऊन ते वाहून गेल्यास, बेणणीची मजुरी लावणीच्या मजुरीस गाठते. सखल शेतात पहिल्याच पावसात वाफे बुडाले तर बी कुजते. खारजमिनीत तर पाणी कोंडून मीठ खाली दाबावे लागते, म्हणून तेथे हे तंत्र लागू करण्याची घाई नको. आपले शेत कोणत्या वर्गात मोडते याविषयी ज्यास शंका आहे, त्याने वक्त्यांस दोन गोष्टी सांगाव्या : जोराचा पाऊस थांबल्यावर शेतातील पाणी किती वेळात उतरते, आणि गेल्या वर्षी कोणते तण अधिक होते.

पाचवे व्याख्यान : पाण्याची वाट

वक्ते महसुली दाव्यांचे काम करणारे वकील आहेत. ऐकण्याचे कारण : शेजारच्या भरावाने आपल्या शेताचे पाणी अडले तर दाद मागण्याचे सहा महिने कोणत्या दिवसापासून मोजावे, हे कळावे.

भिवंडी तालुक्यात गोदामांसाठी भातशेते भरून उंच करण्याचे काम किती झाले आहे, हे वाचक रोज पाहतात. नागपूरहून आलेल्या समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये याच तालुक्यातील आमणे येथवर खुला झाला, आणि भरावाची मागणी आता आतल्या गावांकडेही वळू लागणे स्वाभाविक आहे. जमीन विकणे न विकणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण ज्याने विकली नाही, त्याच्या शेताचे पाणी पूर्वी ज्या उताराने जात असे तेथे आता पुरुषभर भराव उभा राहतो, आणि श्रावणात त्याचे भात गळ्याइतक्या पाण्यात कुजते. येथे विकण्याची इच्छा नसलेल्यासही विकावे लागते.

या अडचणीवर १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे, शेतजमिनीवर पडणाऱ्या किंवा तेथे उगम पावणाऱ्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास कोणी कायदेशीर अधिकारावाचून अडथळा केला व त्याने जमिनीस वा पिकास नुकसान पोचले अगर पोचण्याचा संभव असला, तर तो अडथळा दूर करविण्याचा अधिकार मामलेदारास, म्हणजे आजच्या तहसीलदारास आहे. पाणी ठराविक ओहोळातूनच वाहत असले पाहिजे असे नाही. शेतावरून पसरून उतरणारे पाणीही यात येते. नुकसान होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही; संभव पुरेसा आहे.

पण दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. आमचे बहुतेक शेतकरी येथे चुकतात. भराव मार्गशीर्षात पडतो. तेव्हा शेत कोरडे असते व कोणाच्या लक्षात येत नाही. पाणी तुंबते आषाढात, आणि कागद हलतात दिवाळीनंतर. तोवर मुदत टळल्याचा आक्षेप प्रतिपक्षाच्या हाती आयताच येतो. म्हणून भरावाचा पहिला डंपर आला तो दिवस लिहून ठेवावा, त्याच आठवड्यात तारखेसह छायाचित्रे घ्यावी, पाणी जुने कोणत्या बांधावरून उतरत असे हे सांगणारे दोन शेजारी पाहून ठेवावे, आणि पावसाळ्याची वाट न पाहता अर्ज द्यावा. भरावास रीतसर परवानगी असल्याचे प्रतिपक्ष म्हणेल. ती परवानगी पाणी अडविण्यापुरती आहे की केवळ बांधकामाची, हा वादाचा मुद्दा कसा मांडावा, हे वक्ते प्रत्यक्ष अर्जाचा मसुदा वाचून दाखवितील.

उपस्थितांस सूचना

सभा सकाळी नऊ वाजता सुरू होईल. स्वागत व प्रास्ताविक मिळून दहा मिनिटांहून अधिक घेणार नाहीत. प्रत्येक व्याख्यान अर्ध्या तासाचे असून तितकाच वेळ प्रश्नांस ठेवला आहे. पहिली तीन व्याख्याने भोजनापूर्वी व उरलेली दोन नंतर होतील; ज्यास एकच ऐकावयाचे असेल त्याने त्याच वेळी यावे, त्यात कोणाचा अवमान होत नाही.

येताना घरच्या बियाण्याचे मूठभर दाणे कागदात बांधून आणावे. मिठाच्या पाण्याची परीक्षा तेथेच करून पाहता येईल. खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी मातीपरीक्षणाचे जुने पत्रक असल्यास ते आणावे. ज्यांच्या शेजारी भराव पडला आहे त्यांनी आपला सातबारा, गटाचा नकाशा आणि भराव केव्हा पडला ती तारीख घेऊन यावे. तारीख आठवत नसल्यास ती शेजाऱ्यांकडून आजच विचारून ठेवावी. परिषदेच्या दिवशीपर्यंत थांबू नये, कारण सहा महिन्यांचे दिवस चालूच आहेत.